पांढऱ्या दोनवरच्या अकरा जोड्या

माझ्या एका जुन्या वहीच्या पहिल्या पानावर स्वरांच्या दोन ओळी आहेत. एकाखाली एक, प्रत्येकीत अकरा स्वर. खालची ओळ सरांनी दिलेली, वरची मी रचलेली. त्या दोन्हींखाली सरांनी लाल पेन्सिलीने एकच आकडा लिहिला आहे : १.

मला वाटलं, दहापैकी एक गुण. सर मूळचे गोव्याचे, चर्चच्या शाळेत लहानपणीच स्टाफ नोटेशन वाचायला शिकलेले. त्यांच्याकडे मी व्हायोलिन शिकत होतो आणि हौसेने काउंटरपॉइंटही शिकवा म्हणून मागे लागलो होतो. ‘‘सर, फक्त एक?’’ असं मी विचारलं, तर ते म्हणाले, ‘‘ते मार्क नाहीत रे. तुला दोन आवाज लिहायला सांगितले होते. मला एकच ऐकू येतो. तेवढंच लिहिलं.’’

दोन ओळी लिहूनही आवाज एकच कसा, हे मला त्या दिवशी कळलं नाही. पुढे कळलं, आणि पाश्चात्त्य संगीताच्या या पहिल्या धड्यात नेमकं काय शिकवतात तेही त्याच प्रश्नातून उलगडत गेलं.

धडा दिसायला साधा असतो. शिक्षक दहा-बारा स्वरांची एक धून देतात. तिला ‘कान्तुस फिर्मुस’ म्हणतात, म्हणजे स्थिर धून; तिच्यात विद्यार्थ्याने काहीही बदलायचं नाही. तिच्या प्रत्येक स्वरासमोर आपला एकच स्वर लिहायचा. दोन्ही स्वर एकाच वेळी सुरू होतात, सारख्याच लांबीचे असतात आणि एकाच वेळी संपतात. लय नाही, शब्द नाहीत, ताना-मुरक्या नाहीत. आपली ओळ स्वतंत्र धून म्हणून गाता आली पाहिजे आणि दिलेल्या धुनीशी जुळलीही पाहिजे. याला काउंटरपॉइंटची ‘फर्स्ट स्पीशीज’ म्हणतात. आपण पहिली पायरी म्हणू. काउंटरपॉइंट या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दांचा अर्थच ‘बिंदूसमोर बिंदू’ असा आहे, आणि तो या पायरीइतका शब्दशः दुसऱ्या कुठल्याच पायरीला लागू पडत नाही.

आज ही पायरी ज्या रूपात शिकवतात ते रूप योहान योझेफ फुक्स यांनी पक्कं केलं. ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतातल्या शेतकरी कुटुंबात १६६० साली जन्मलेला हा माणूस पुढे व्हिएन्नाच्या शाही दरबाराचा मुख्य संगीतकार झाला. १७२५ साली त्यांनी लॅटिनमध्ये ‘ग्रादुस आद पार्नासुम’ हा ग्रंथ लिहिला आणि तो सम्राटाच्या खर्चाने छापला गेला. ग्रंथ गुरुशिष्य संवादाच्या रूपात आहे. त्यातला गुरू अलोयसियुस म्हणजे सोळाव्या शतकातला रोमचा संगीतकार पालेस्त्रिना, आणि शिष्य योझेफुस म्हणजे स्वतः फुक्स. स्वराविरुद्ध स्वर, मग एका स्वराविरुद्ध दोन, मग चार, मग लांबवलेले आणि अडकवलेले स्वर, आणि शेवटी या सगळ्यांचं मिश्रण, अशा पाच पायऱ्या त्यात आहेत. अशी चढण फुक्स यांच्या आधीही होती. जिरोलामो दिरुता या इटालियन लेखकाच्या १६०९ च्या पुस्तकात ती सापडते. पण विद्यार्थी चुकतो, गुरू चूक दाखवतो, विद्यार्थी पुन्हा लिहितो, असा पूर्ण अभ्यासक्रम म्हणून ती घराघरांत पोचली फुक्स यांच्यामुळे.

पहिली पायरी सोपी असल्यामुळे आधी शिकवतात, असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटत होतं. आता मला ते फार तर अर्धं खरं वाटतं. नियम थोडे आहेत, लिहायचे स्वर थोडे आहेत, म्हणून ती हाताळायला सोपी. पण दोन आवाज वेगळे ऐकू यावेत हे काम तिच्यात सगळ्यात अवघड असतं.

एरवी आपण दोन आवाज वेगळे कसे ओळखतो? सतार आणि सरोदची जुगलबंदी ऐकताना वाद्यांच्या नादातला फरकच आपल्याला सांगतो की कोण काय वाजवतंय. शिवाय दोघे बहुतेक वेळ आळीपाळीने बोलतात. एखाद्या गाण्यात गायिका लांब स्वर धरते आणि मागे बासरी छोटे छोटे तुकडे वाजवते, तेव्हा लय दोघांना वेगळं ठेवते. एकाच क्षणी सुरू न होणारे दोन आवाज कान सहसा एकत्र करत नाही. पहिल्या पायरीत ही सगळी साधनं काढून घेतलेली असतात. दोन्ही आवाज माणसाच्या गळ्याचे, म्हणजे नाद सारखा. सुरुवात एकत्र, शेवट एकत्र. उरते ती फक्त स्वराची उंची : कोणता स्वर, आणि तिथून पुढे कुठे. एवढ्यावर दोन आवाज वेगळे उभे करता आले, तर पुढच्या पायरीवर लय हाताशी येते तेव्हा ती आधार म्हणून लागत नाही. आणि पहिल्या पायरीवर नुसत्या स्वरांनी जे साधलं नाही, ते पुढे लयीच्या पडद्याआड लपवायची सवय लागते. हा धडा पहिला असण्याचं खरं कारण मला हे वाटतं.

आता माझ्या ‘एक’कडे येतो. सरांनी दिलेली धून फुक्स यांच्या ग्रंथातली पहिलीच होती. हार्मोनियमवर पांढरी दोनचा सा धरला आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या, तर ग आणि नी कोमल येतात, म्हणजे आपल्या काफी थाटाचेच स्वर मिळतात. युरोपात या स्वरसमूहाला डोरियन म्हणतात. राग आणि डोरियन या वेगळ्या गोष्टी आहेत, पण स्वर तेच आहेत, म्हणून धून सरगममध्ये लिहिता येते. ती अशी : सा ग रे सा म ग प म ग रे सा. अकरा स्वर, मधे पंचमापर्यंत चढते आणि पायरी पायरीने घरी येते.

माझ्या कानाला सा-प सगळ्यात गोड. तानपुऱ्याने तेच शिकवलेलं. म्हणून मी प्रत्येक स्वरावर त्याचा पंचम ठेवला. सा वर प, ग वर नी, रे वर ध, म वर तार सा, प वर तार रे. पट्ट्या सगळ्या पांढऱ्याच आणि अकराही जोड्या षड्ज-पंचम भावाच्या. एकही बेसूर नाही. घरी हार्मोनियम असेल तर वाजवून पाहा. हळूहळू जोड्या वाजवत गेलात की दोन धुना ऐकू येत नाहीत. खालचीच धून जरा जाड, जरा पोकळ झाल्यासारखी ऐकू येते.

याचं कारण नादातच आहे. कुठलाही गळा किंवा तार एकच कंपन देत नाही. मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक सहायक नादही येतात. समजा सा सेकंदाला २०० कंपनांचा आहे. मग त्याच्या पोटात ४००, ६००, ८००, १०००, १२०० हेही आहेत. तार सा म्हणजे ४००. त्याचे सहायक ८००, १२००. म्हणजे तार सा मधलं सगळंच खालच्या सा मध्ये आधीपासून आहे. पंचम ३०० चा. त्याचे सहायक ६००, ९००, १२००. त्यातला एक सोडून एक सा शी तंतोतंत जुळतो. शुद्ध गंधार २५० चा. ५००, ७५०, १०००. इथे चारात एकच जुळतो. म्हणून तार सा खालच्या सा मध्ये विरघळतो, पंचम बराचसा विरघळतो आणि गंधार वेगळा राहतो. कार्ल श्टुम्प्फ या जर्मन संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रोत्यांना दोन स्वर एकत्र ऐकवून ‘एक की दोन?’ असं विचारलं होतं. सप्तकाच्या जोडीला सगळ्यात जास्त लोक ‘एक’ म्हणाले आणि त्याखालोखाल पंचमाच्या जोडीला.

आपल्याला हा अनुभव नवा नाही. गणपतीच्या आरतीला घरातले पुरुष खालच्या सप्तकात आणि बायका-मुलं वरच्या सप्तकात गातात. त्यांच्या स्वरांत दुपटीचं अंतर असतं, तरी सगळे ‘एकच’ म्हणतायत असं आपण म्हणतो आणि आपल्याला तसंच ऐकू येतं.

पण एखाद-दुसऱ्या पंचमाने काही बिघडत नाही. बिघडतं ते एका पंचमावरून दोन्ही आवाज मिळून दुसऱ्या पंचमावर जातात तेव्हा. एकच माणूस गात असताना त्याच्या गळ्यातले सगळे सहायक नाद एकत्र वर जातात, एकत्र खाली येतात आणि त्यांचं आपसातलं प्रमाण कधी बदलत नाही. कानाने जन्मभर हेच ऐकलेलं असतं, आणि एकाच प्रमाणात एकत्र हलणाऱ्या नादांचा उगम एकच, हा त्याचा पक्का हिशेब झालेला असतो. मी ३ : २ चं प्रमाण अकरा जोड्या सांभाळून कानाच्या हातात तोच पुरावा दिला होता. सरांच्या कानाने निकाल दिला : एक.

म्हणून काउंटरपॉइंटचा सर्वांत प्रसिद्ध नियम, लागोपाठ दोन पंचम किंवा दोन सप्तक नकोत, हा सौंदर्याचा नियम आहे असं मला वाटत नाही. नवव्या शतकातल्या ‘म्युझिका एन्किरियाडिस’ या युरोपीय ग्रंथात एका धार्मिक धुनीसोबत तीच धून पंचमाच्या किंवा मध्यमाच्या अंतराने गाण्याची रीत नोंदलेली आहे. त्या लोकांना ती भव्य वाटत असे, आणि दगडी चर्चमध्ये ती भव्य वाटतेच. त्यांना धून दाट करायची होती. धुनी दोन हव्या असतील तेव्हाच ही रीत आड येते. नियम शिकवताना एवढं सांगितलं तर विद्यार्थ्याला तो अन्यायासारखा वाटणार नाही. मला सरांनी सांगितलं होतं. अनेकांना ‘असं करायचं नसतं’ एवढंच सांगितलं जातं आणि ते पंचमाला घाबरायला शिकतात.

जुळणाऱ्या अंतरांचे फुक्स दोन गट करतात. एकस्वर, पंचम आणि सप्तक हे पूर्ण संवादी. गंधाराचं आणि धैवताचं अंतर, कोमल असो की शुद्ध, हे अपूर्ण संवादी. बाकी सगळं पहिल्या पायरीवर वर्ज्य. हालचालीही तीनच : दोघे एकाच दिशेने जातात, दोघे उलट दिशांना जातात, किंवा एक थांबतो आणि दुसरा हलतो. कुठून कुठे कसं जायचं याचे फुक्स चार नियम देतात, पण ते नीट पाहिले तर सगळे एकाच वाक्यात मावतात : पूर्ण संवादावर पोचताना दोघांनी एकाच दिशेने यायचं नाही. जिथे दोन आवाज एकमेकांत विरघळण्याचा धोका सर्वांत जास्त, तिथे त्यांनी वेगवेगळ्या दिशांनी यावं, म्हणजे निदान त्यांच्या हालचालीवरून तरी ते दोन आहेत हे कळेल.

सरांनी मग फुक्स यांच्या ग्रंथातलं उत्तर माझ्या ओळीखाली लिहिलं. त्याच धुनीवरची वरची ओळ अशी आहे : प प म प ध नी नी ध सां नी सां. शेवटून दुसरा नी तेवढा शुद्ध, म्हणजे काळी एक. बाकी सगळ्या पट्ट्या पांढऱ्या. ही ओळ जोडीजोडीने पाहण्यासारखी आहे.

सुरुवात सा-प. पूर्ण संवाद, पाया पक्का. मग खालचा आवाज ग वर उडी मारतो आणि वरचा प वरच थांबतो. ग-प, अपूर्ण संवाद. दोघे एकेक पायरी उतरतात. रे-म, पुन्हा अपूर्ण. इथे ते एकत्र गेले, पण या अंतरात विरघळण्याचा धोका कमी, म्हणून चालतं. चौथी जोडी पुन्हा सा-प. धोक्याची जागा. खालचा रे वरून सा वर उतरतो, वरचा म वरून प वर चढतो. उलट दिशा. मग दोघे चढतात, म-ध. सहावी जोडी ग-नी, हाही पंचमच. खालचा म वरून ग वर उतरतो, वरचा ध वरून नी वर चढतो. पुन्हा उलट. सातव्या जोडीत वरचा नी वर थांबतो आणि खालचा आपल्या सर्वांत उंच स्वरावर, प वर, जातो. मग दोघे उतरतात, म-ध. नवव्या जोडीत खालचा ग वर उतरतो आणि वरचा तार सा वर झेप घेतो, अंतर धैवताचं. मग दोघे एकेक पायरी खाली, रे आणि शुद्ध नी. आणि शेवटी खालचा रे वरून सा वर उतरतो, वरचा नी वरून तार सा वर चढतो. तार सा कडे जाताना शुद्ध निषाद घेण्याची ओढ काफी गाणाऱ्यांना परकी वाटणार नाही.

अकरा जोड्यांत चार पूर्ण संवाद आहेत : तीन पंचम आणि शेवटचा सप्तक. पहिला सोडला तर उरलेल्या तिन्हींवर दोन आवाज उलट दिशांनीच पोचतात. उरलेल्या सात जोड्या अपूर्ण संवादाच्या, म्हणजे धुनीचा मधला भाग बहुतेक तिथेच राहतो जिथे दोन आवाज आपोआप वेगळे ऐकू येतात.

आणखी दोन गोष्टी मला बऱ्याच उशिरा दिसल्या. एक म्हणजे शिखरं. खालची धून आपल्या सर्वांत उंच स्वरावर सातव्या जोडीत पोचते, वरची नवव्या जोडीत. दोघी एकाच क्षणी माथ्यावर पोचत नाहीत. एक उतरायला लागल्यावर दुसरी वर जाते. दुसरी म्हणजे उड्या. वरच्या ओळीत उडी एकच आहे, ध वरून तार सा वर, आणि त्या क्षणी खालचा आवाज एकच पायरी उतरतो. खालच्या धुनीत तीन उड्या आहेत. त्या वेळी वरचा आवाज दोनदा थांबलेला आहे आणि एकदा एकच पायरी हलतो. दोघांनी मिळून उडी मारली असं एकदाही होत नाही. एकाच गायकाची धून सहसा जवळच्या स्वरांवरून चालते आणि त्या जवळिकीच्या धाग्यावरूनच कान तिचा माग ठेवतो. दोन्ही धागे एकाच वेळी तुटले, तर पुढचा स्वर कोणाचा हा घोळ होतो. इथे एक धागा नेहमी अखंड राहतो.

पहिल्या पायरीवर विद्यार्थी सगळ्यात जास्त अडतो तो ‘लपलेल्या पंचमा’वर. मीही दुसऱ्याच आठवड्यात अडलो. चौथ्या जोडीत सा-ध लिहिलं आणि पाचवीत म-तार सा. पहिली जोडी धैवताच्या अंतराची, दुसरी पंचमाची. लागोपाठ पंचम नाहीत, तरी सरांची पेन्सिल फिरली. दोन्ही आवाज वरच्या दिशेने उडी मारून पंचमावर पोचले होते. सर म्हणाले, ‘‘गाणारा माणूस मधले स्वर गाळत नाही. भरून पाहा.’’ मी भरलं. खालचा सा रे ग म असा चढला, वरचा ध नी सां असा. त्यातले शेवटचे दोन टप्पे ग-नी आणि म-सां. लागोपाठ दोन पंचम, जागेवर हजर. फुक्स यांच्या ग्रंथातही शिष्याला हेच कारण दिलेलं आहे : त्या काळचे गायक दोन स्वरांमधली जागा बारीक स्वरांनी भरत, आणि लिहिताना न दिसणारी चूक गाताना उघडी पडत असे. आपल्याकडे मींड आणि हरकती ऐकून वाढलेल्या माणसाला हे चटकन पटावं.

गोव्याच्या मांडोची आठवण इथे येणारच. मांडोत मुख्य धुनीसोबत दुसरा आवाज बहुतेक वेळ गंधाराच्या किंवा धैवताच्या अंतराने चालतो. ते फार सुंदर लागतं. सर स्वतः लग्नाघरी दुसरा आवाज गात असत. मी विचारलं, ‘‘मग हे काउंटरपॉइंट नाही का?’’ ते म्हणाले, ‘‘नाही. तिथे दुसरा आवाज पहिल्याचा हात धरून चालतो. त्याला कुठे जायचं ते पहिलाच ठरवतो.’’ म्हणूनच पहिल्या पायरीवर गंधाराच्या जोड्या लागोपाठ तीन-चारपेक्षा जास्त नको असं सांगतात. आवाज दोन आहेत हे तिथे कळतं, कारण ते विरघळत नाहीत. पण दुसऱ्याची चाल पहिल्यावरून ओळखता येते. वेगळं ऐकू येणं आणि स्वतंत्र असणं यांत फरक आहे. मला तो या नियमांनीच प्रथम दाखवला. फुक्स यांच्या ओळीत दोघे एकाच दिशेने चार वेळा जातात, उलट दिशांना चार वेळा, आणि दोनदा वरचा थांबून राहतो. दहा पावलांत वरचा पुढे काय करील हे खालच्यावरून सांगता येत नाही.

आपल्या कानाला खटकेल असा एक नियम मात्र आहे. सा-म हे अंतर आपल्याकडे संवादाचं, षड्ज-मध्यम भाव म्हणून मान्य. फुक्स यांच्या दोन आवाजांत ते वर्ज्य आहे. दोनच आवाज असताना खालच्या स्वरावर मध्यम ठेवला, तर त्या परंपरेतल्या कानाला वरचा स्वर गंधारावर उतरायला हवा असं वाटतं, जोडी तिथे टेकत नाही. हा नियम विरघळण्याच्या हिशेबातून निघत नाही. तो त्या परंपरेच्या सवयीतून आला आहे. पहिल्या पायरीचे सगळेच नियम कानाच्या रचनेतून आलेले नाहीत हे मान्य केलेलं बरं. डेव्हिड ह्युरॉन या अभ्यासकाने २००१ साली एका लांब निबंधात आवाज हलवण्याचे बरेचसे पारंपरिक नियम श्रवणाच्या थोड्या तत्त्वांवरून काढून दाखवले. पंचम-सप्तकाचा नियम, छोट्या पावलांचा नियम, आवाजांनी एकमेकांना ओलांडू नये हा नियम त्यांत नीट बसतात. सगळेच बसत नाहीत.

या पद्धतीच्या मर्यादाही खऱ्या आहेत. पालेस्त्रिनाने असं स्वराविरुद्ध स्वर, अकरा जोड्यांचं संगीत लिहून मैफलीत ठेवलं नव्हतं. क्नुड येपेसेन या डॅनिश विद्वानाने विसाव्या शतकात पालेस्त्रिनाच्या रचना बारकाईने तपासल्या, तेव्हा फुक्स यांचा पालेस्त्रिना मूळ पालेस्त्रिनापासून बराच लांब आहे हे स्पष्ट झालं. आणि लयीशिवाय, शब्दांशिवाय लिहिलेल्या या ओळी ऐकायला कोरड्या लागतात. ज्यांना त्यातून संगीत हवं असतं ते दोन महिन्यांत कंटाळतात. तो स्वाध्याय आहे, पलट्यांसारखा. कोणी पलटे ऐकायला तिकीट काढत नाही.

पण स्वाध्याय म्हणून त्याने फार मोठी माणसं घडवली. हायडन फुक्स यांच्या ग्रंथावरून स्वतःच शिकला. १७९२ च्या अखेरीस बेटहोफेन व्हिएन्नात त्याच्याकडे आला, तेव्हा हायडनने त्याला अशाच कान्तुस फिर्मुसवर बसवलं. त्यातले सुमारे २४५ स्वाध्याय आजही शिल्लक आहेत आणि हायडनने दुरुस्त केलेले त्यांत फक्त ४२ आहेत. हायडनच्या नजरेतून निसटलेल्या चुका पुढच्या अभ्यासकांनी शोधून काढल्या. बावीस वर्षांचा बेटहोफेन तेव्हा पियानोवादक म्हणून नावाजलेला होता, रचना करत होता, तरी त्याने हे शेकडो स्वाध्याय लिहिले आणि पुढे दुसऱ्या शिक्षकाकडे, आल्ब्रेख्ट्सबेर्गरकडे, काउंटरपॉइंट पुन्हा शिकला.

आपला स्वाध्याय जमला की नाही हे ओळखायची सरांची पद्धत साधी होती. आधी आपली ओळ एकटीच गायची. ती धून वाटत नसेल, नुसते भरलेले रकाने वाटत असतील, तर तिथेच थांबायचं. मग सर खालची धून व्हायोलिनवर वाजवायचे आणि मी माझी गायचो. लागोपाठ पंचमांच्या त्या पहिल्या ओळीत मी तिसऱ्याच जोडीला नकळत सरांच्या धुनीवर घसरलो होतो. गळ्याला दुसरी वाट सापडतच नव्हती. फुक्स यांची ओळ गाताना पहिल्यांदा मला सरांचं व्हायोलिन आणि माझा गळा दोन्ही एकाच वेळी ऐकू आले, आणि मी घसरलो नाही.

घरी हार्मोनियम असेल आणि गाणारं आणखी कोणी असेल, तर हे एकदा करून पाहा. पांढरी दोनचा सा. एकाने गावं : सा ग रे सा म ग प म ग रे सा. दुसऱ्याने त्याच्याबरोबर : प प म प ध नी नी ध सां, मग शुद्ध नी, मग सां. संथ, अकारात, एका स्वराला एक श्वास. आधी माझी चुकीची ओळ गा, म्हणजे प्रत्येक स्वरावर त्याचा पंचम, आणि मग ही. नियम लक्षात ठेवायची गरज नाही. पहिल्या वेळी किती आवाज ऐकू आले आणि दुसऱ्या वेळी किती, एवढंच मोजा.